रोज साडेनऊ-दहा तास झोप, तरी दिवसा डोळे मिटतात

सदाफुली | रविवार, सायं. ५:१०

नमस्कार. वय ३९. गेल्या सव्वा वर्षापासून माझी झोप खूप वाढली आहे. रात्री साडेदहाला आडवी होते आणि सकाळी साडेआठला कशीबशी उठते. सुट्टीच्या दिवशी दुपारी वर आणखी दीड-दोन तास. याआधी सात-साडेसात तासांत माझं छान भागायचं. आता दहा तास झोपूनही उठताना डोकं जड असतं, आणि दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये चक्क डोळे मिटतात.

रक्ततपासणी झाली आहे. हिमोग्लोबिन १२.६, टीएसएच २.८, साखर आणि बी १२ ठीक. डॉक्टर म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे, ताण कमी घ्या." पण मला विशेष ताण नाही. घरचे म्हणतात आळस चढलाय. ते ऐकून फार वाईट वाटतं, कारण मी मुद्दाम झोपत नाही.

नऊ तासांच्या वर झोप जाणं कधी साधं असतं आणि कधी नाही? कुणाला अनुभव आहे का?

---

पहाटवारा | रविवार, सायं. ६:३२

ताई, शरीराला सवय लावाल तशी लागते. मी पाचला उठतो. गजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि पंधरा दिवस काही झालं तरी सहाला उठाच. आपोआप झोप कमी होईल.

---

सदाफुली | रविवार, सायं. ७:०५

पहाटवारा, हे करून झालंय. नऊ दिवस साडेपाचला उठले, म्हणजे सातच तास झोप. नवव्या दिवशी सिग्नलला गाडी थांबवली आणि मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा कळलं की माझे डोळे मिटले होते. त्या दिवसापासून बंद केलं.

---

निवांत | रविवार, रात्री ८:१८

मी लहानपणापासून दहा तास झोपणारा. शाळेत असताना बाकीची मुलं गल्लीत खेळत असायची तेव्हा मी झोपलेला असायचो. आता ४६ आहे. दहा तास मिळाले की दिवसभर टवटवीत, दुपारी कधीच झोपत नाही. सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. काही माणसं अशीच असतात, त्याला आजार म्हणू नका अशी कळकळीची विनंती.

---

कोरा_कागद | रविवार, रात्री ९:४०

निवांत, असं सोडून देऊ नका. नऊ तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांना हृदयविकार, मधुमेह जास्त होतो आणि आयुष्य कमी होतं, असं मोठ्या पाहण्यांमध्ये दिसलं आहे. म्हणजे जास्त झोप शरीराला घातकच.

सदाफुलीताई, तुम्ही ॲलर्जीची गोळी घेता का? ती नक्कीच कारण असणार. माझ्या भावाला त्याच गोळीने झोप यायची.

---

सदाफुली | रविवार, रात्री १०:०२

हो, घेते! सेटिरिझिन, रोज रात्री एक. नाक सारखं चोंदतं म्हणून. सुरू करून साधारण वर्ष झालं. हे डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं, कारण ती औषधासारखी वाटतच नाही.

---

रातपाळी | सोमवार, पहाटे ४:५०

मी निद्रातपासणी केंद्रात तंत्रज्ञ आहे, चौदा वर्षं. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण रात्रभर झोपलेल्या माणसांकडे बघत बसणं हेच माझं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कोरा_कागद, त्या पाहण्यांमध्ये जास्त झोप आणि आजार एकत्र दिसतात हे खरं. पण कोण कुणामुळे, हे त्यातून कळत नाही. हृदय थकलेलं, श्वास अडकणारा, मन खचलेला माणूस जास्त झोपतो. तिथे लांबलेली झोप बहुतेक वेळा आजाराची खूण असते. म्हणून गजर लावून झोप छाटली की धोका टळला, असं होत नाही. सदाफुलीच्या सिग्नलच्या प्रसंगात ते दिसलंच.

निवांत, तुमच्याशी मी सहमत आहे. लहानपणापासून तेवढीच झोप, उठल्यावर ताजेपणा, दिवसा डुलकी नाही. अशा माणसाचं आमच्याकडे काही काम नसतं. सदाफुलीची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिची झोप स्वतःच्या जुन्या मापापेक्षा अडीच तासांनी वाढली आणि तरी ती भागत नाही. माझ्या दृष्टीने नऊच्या आकड्यापेक्षा या दोन गोष्टींना जास्त वजन आहे.

सदाफुली, दोन आठवडे रोज सकाळी पाच ओळी लिहा. कितीला आडवी झाले, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये कितीदा आणि कशासाठी उठले, शेवटची जाग कधी, उठताना तोंड-डोकं कसं होतं. घड्याळाकडे रात्री बघू नका, सकाळी अंदाजाने लिहा. अंथरुणातले तास आणि झोपेचे तास लोक एकच धरतात, आणि तिथेच निम्मा घोटाळा असतो.

दुसरं, तुम्हाला झोप येते की थकवा असतो? थकलेल्या माणसाला आडवं व्हावंसं वाटतं, पण डोळा लागत नाही. झोपाळू माणूस बसल्या बसल्या झोपतो. एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे. वाचताना, टीव्ही बघताना, दुसऱ्याच्या गाडीत तासभर बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, असं विचारतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २४ पैकी. १० च्या वर गेलं तर दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात.

आणि घोरता का?

---

सदाफुली | सोमवार, सकाळी ९:१५

एवढं लिहिल्याबद्दल मनापासून आभार. एपवर्थ केलं, १४ आले. थकवा नाही, झोपच. नवरा म्हणतो, "घोरतेस, पण हळू." मात्र तो पडल्या पडल्या गाढ झोपतो.

---

मागचं_अंगण | सोमवार, दु. १:२७

अंथरुणातले तास आणि झोपेचे तास वेगळे, हे वाचून माझा काळ आठवला. आई गेल्यानंतर मी अकरा-अकरा तास अंथरुणात असायचे आणि सगळ्यांना सांगायचे की खूप झोपते. डॉक्टरांनी अशीच वही लिहायला लावली तेव्हा कळलं की झोप सातच तास, बाकीचे चार तास डोळे मिटून पडून राहणं. उठायचं कशासाठी हेच कळत नव्हतं. ते नैराश्य होतं. औषध आणि समुपदेशनाने सावरले. ज्यांना झोपेबरोबर कशातच गोडी वाटत नाहीशी झाली असेल त्यांनी ही बाजूही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

---

शिडाची_होडी | सोमवार, सायं. ५:५५

माझा मुलगा १९ वर्षांचा, दुपारी बाराला उठतो. हाही प्रकार गंभीर का? रोज वाद होतात.

---

रातपाळी | सोमवार, सायं. ७:३०

तो झोपतो कितीला? रात्री तीनला झोपून बाराला उठत असेल तर नऊच तास झाले. त्या वयात ते फार नाही. त्याचं घड्याळ पुढे सरकलंय, झोप लांबलेली नाही. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

---

कंदील | सोमवार, रात्री ११:२०

मी अकरा-बारा तास झोपतो. खरी झोप, पडून राहणं नव्हे. उठवलं तर अर्धा-पाऊण तास मला धड बोलता येत नाही. लोकांशी बोललेलं नंतर आठवतही नाही. दुपारी दोन तास झोपलो तरी तसाच बधिर. निदान व्हायला सहा वर्षं गेली. मधल्या काळात दोन नोकऱ्या सुटल्या.

माझी तपासणी अशी झाली. आधी दोन आठवडे मनगटावर हालचाल नोंदवणारा पट्टा आणि वही. मग एक रात्र केंद्रात, श्वास अडकत नाही ना हे बघायला. दुसऱ्या दिवशी तिथेच दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत झोपायला सांगतात, असं पाच वेळा, आणि किती मिनिटांत डोळा लागतो ते मोजतात. सरासरी आठ मिनिटं किंवा त्याहून कमी आली तर दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात. माझी साडेपाच आली. नाव मिळालं इडिओपॅथिक हायपरसोम्निया, म्हणजे कारण अजून सापडलेलं नाही. औषध आहे, अर्धा फरक पडतो.

सदाफुली, तुम्ही दुपारी झोपून उठलात की बरं वाटतं का?

---

सदाफुली | मंगळवार, सकाळी ८:५०

कंदील, वाचून डोळे भरून आले. मला दुपारच्या झोपेनंतर तासभर बरं वाटतं. उठल्यावर गोंधळ नसतो, फक्त डोकं जड.

---

कोरा_कागद | मंगळवार, सकाळी १०:१२

मग गोळी बंद करून बघा आधी. बाकी तपासण्या नंतर.

---

रातपाळी | बुधवार, पहाटे ५:१५

गोळीचा मुद्दा योग्य आहे, कोरा_कागद, पण अर्धा. सेटिरिझिनने काहींना नक्की झोप येते. पण ती गोळी नाक चोंदतं म्हणून सुरू झाली, आणि चोंदलेलं नाक हाच घोरण्याचा आणि श्वास अडकण्याचा साथीदार आहे. नाकाचं काय करायचं हे डॉक्टरांशी ठरवून मगच गोळी बदला.

सदाफुली, नवऱ्याच्या "हळू घोरतेस"वर विसंबू नका. तो जागा असतो ती रात्रीची सुरुवात. श्वास अडकणं स्वप्नांच्या झोपेत वाढतं, आणि ती झोप पहाटेकडे जास्त असते. बायकांमध्ये तर पुष्कळदा सगळा त्रास त्या झोपेतच एकवटलेला दिसतो. फोनवर रात्रभराचा आवाज रेकॉर्ड करा आणि चार ते सहाचा भाग ऐका. नुसतं घोरणं ऐकू नका, घोरण्यातली शांतता ऐका.

ही शांतता पडद्यावर कशी दिसते ते सांगते. नाकाशी लावलेल्या नळीची रेघ वरखाली होत असते, ती हळूहळू बसते आणि सपाट होते. पण पोटावरच्या पट्ट्याची रेघ चालूच असते, उलट जास्त जोर लावते. म्हणजे शरीर श्वास ओढतंय आणि घसा बंद आहे. दहा सेकंद, वीस, कधी चाळीस. मग डोक्यावरच्या तारांची रेघ एकदम दाट होते, मेंदू तीन-चार सेकंद जागा होतो, एक मोठा घोरका येतो आणि हवा सुरू. ऑक्सिजनचा आकडा त्यानंतर थोडा उशिरा खाली जातो. हे तासाला वीस वेळा झालं तरी सकाळी माणूस सांगतो, "छान झोपलो, एकदाही जाग नाही आली." त्याला खोटं बोलायचं नसतं. इतकी छोटी जाग आठवतच नाही. दहा तासांचे असे तुकडे झाले की ते पुरणार कसे?

---

सदाफुली | सतरा दिवसांनी, शनिवार, सकाळी ११:००

वही पूर्ण झाली. अंथरुणात सरासरी दहा तास पाच मिनिटं, झोप अंदाजे साडेनऊ. चौदापैकी अकरा रात्री दोनदा लघवीला उठले. तोंड कोरडं रोज. सकाळचं डोकं जड असणं तासाभरात ओसरतं. आणि वही लिहिताना लक्षात आलं की दीड वर्षात माझं वजन सहा किलो वाढलंय.

रेकॉर्डिंग नवऱ्याने आणि मी एकत्र ऐकलं. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी घोरणं थांबतं, मग काहीच नाही. नवरा घड्याळ बघत होता, अठ्ठावीस सेकंद. मग एकदम गचका. तो काही बोलला नाही, फक्त माझा हात धरला. आळसाबद्दल आता घरात कुणी बोलत नाही.

वही आणि रेकॉर्डिंग घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घरी करायची चाचणी दिली. बोटाला चिमटा, नाकाला नळी, छातीला पट्टा. अहवालात तासाला १३ अडथळे, ऑक्सिजन सर्वांत कमी ८२. मध्यम नाही, सौम्य गटात बसतं म्हणाले. १३ वर एवढी झोप येऊ शकते का?

---

रातपाळी | शनिवार, रात्री ९:२०

लघवीला उठणं, कोरडं तोंड, सकाळचं डोकं हे सगळं त्याच चित्रात बसतं. अडथळ्यात छातीत जो ताण तयार होतो त्याने हृदय मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायचा इशारा देतं, म्हणून रात्री उठावं लागतं. लोक ते वयावर ढकलतात.

१३ बद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. घरच्या यंत्राला डोक्याच्या तारा नसतात, त्यामुळे तुम्ही कधी जाग्या होतात ते त्याला कळत नाही. ते सगळे अडथळे चाचणीच्या पूर्ण तासांनी भागतं, जागेपणासकट. शिवाय ऑक्सिजन फारसा न पडता नुसती जाग आणणारे अडथळे त्यातून निसटतात. म्हणून खरा आकडा थोडा जास्त असू शकतो. घरची चाचणी स्वच्छ आली आणि लक्षणं तशीच राहिली तर केंद्रात रात्रभराची करतात, ती याचसाठी. पण आकडा आणि दिवसाची झोप यांचं नातं सरळ नाही, हेही खरं. तासाला ४० वाले ताजेतवाने पाहिलेत आणि १० वाले खुर्चीत झोपणारे.

---

वडाची_सावली | रविवार, सकाळी ७:४५

रातपाळी ताई, वेगळा प्रश्न आहे. बाबा ७२ वर्षांचे. आयुष्यभर सहा तास झोपणारे. गेल्या चार महिन्यांपासून अकरा तास, वर दुपारी दोन. एकच गोष्ट दोनदा विचारतात. आम्हाला वाटलं वयोमान.

---

रातपाळी | रविवार, सकाळी ८:०५

या काळात पडले होते का? डोक्याला लागलं होतं? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

---

वडाची_सावली | रविवार, सकाळी ८:२०

हो. अडीच महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, डोकं भिंतीला आपटलं. टेंगूळ आलं, बाकी काही नाही म्हणून सोडून दिलं. गोळी चालू आहे.

---

रातपाळी | रविवार, सकाळी ८:२४

मग उद्यावर ढकलू नका, आजच दवाखान्यात न्या. आणि सांगताना पडल्याचं आधी सांगा, झोपेचं नंतर. या वयात, त्या गोळीवर, डोक्यात हळूहळू रक्त साठू शकतं आणि आठवड्यांनी झोप आणि गोंधळ म्हणून दिसतं. नसेलही. पण ते स्कॅनशिवाय कळत नाही. सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून बरोबर न्या.

---

वडाची_सावली | रविवार, सकाळी ८:३१

निघतोय.

---

निवांत | रविवार, दु. १२:४०

वडाची_सावली, कसे आहेत बाबा? कळवा.

---

वडाची_सावली | सोमवार, रात्री ८:१५

स्कॅन स्वच्छ आला. रक्त नाही. डॉक्टरांनी पिशवीतल्या पट्ट्या एकेक करून पाहिल्या. पायाच्या जळजळीसाठी प्रीगॅबालिन चालू होतं, त्याचा डोस साडेचार महिन्यांपूर्वी दुप्पट केला गेला होता. बाबांची किडनी थोडी मंद आहे. ते औषध किडनीवाटेच बाहेर जातं, त्यामुळे अंगात साठत होतं असं त्यांचं मत. एकदम बंद करायचं नाही, आठवड्या-आठवड्याने उतरवायचं आहे. आम्हाला कुणालाच डोस आणि झोप यांचा संबंध लक्षात आला नव्हता.

---

कोरा_कागद | सोमवार, रात्री ८:५०

देवाची कृपा. आणि रातपाळी ताई, झोप ही खूण असते हे आता पटलं.

---

सदाफुली | सहा आठवड्यांनी, शुक्रवार, दु. ३:३०

पुढचं कळवते. नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र डॉक्टरांनी सुरू केलं. पहिला आठवडा फार कठीण गेला. रात्री दोन-तीनला झोपेतच मास्क काढून फेकत होते, वापर जेमतेम तीन तास. मास्कचं माप मोठं होतं, नाकाच्या बाजूने हवा डोळ्यात जायची. लहान माप घेतलं आणि संध्याकाळी जागेपणी टीव्हीसमोर अर्धा तास लावून बसायची सवय केली. आता रोज सहा तासांच्या वर राहतो.

झोप साधारण आठ तास वीस मिनिटांवर आली आहे. लघवीला एकदाही उठत नाही किंवा फार तर एकदा. एपवर्थ ८. काल तीनच्या मीटिंगमध्ये मीच टिपणं काढली.

एक गोष्ट मात्र चुकली. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सेटिरिझिन बंद करून नाकात मारायचा स्प्रे दिला. दोन्ही एकदम बदलल्यामुळे नेमका कशाने फरक पडला ते आता सांगता येत नाही. आणि रविवारी दुपारची तासभर झोप अजून येतेच.

---

रातपाळी | शनिवार, पहाटे ५:०५

सदाफुली, फार आनंद झाला. रविवारच्या झोपेची घाई करू नका. काहींची ती तीन महिन्यांत जाते, काहींची नीट उपचार घेऊनही थोडी राहते. तीन महिन्यांनी पुन्हा वही लिहा. यंत्राच्या नोंदीत उरलेले अडथळे तासाला ५ च्या खाली आहेत का, तेही डॉक्टरांना विचारा. वजन पुढे बरंच बदललं तर दाब पुन्हा तपासावा लागेल.

---

कंदील | शनिवार, सकाळी १०:३०

अभिनंदन ताई. माझ्या वेळी कुणी पहाटेचं रेकॉर्डिंग ऐकायला सांगितलं असतं तर निदान श्वासाची शंका तरी लवकर फिटली असती.

---

वडाची_सावली | शनिवार, रात्री ९:१०

बाबांचा डोस निम्म्यावर आलाय. काल सात तास झोपले आणि सकाळी साडेसहाला स्वतः उठून अंगणात जाऊन बसले. पायाची जळजळ थोडी वाढली आहे. आणि एकच गोष्ट दोनदा विचारणं अजून कमी झालेलं नाही. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे.